फ्रीजचं दार आपणहून का मिटत नाही?

उन्हाळा लागला की आमच्या केंद्रावर फ्रीजचे प्रश्न वाढतात. त्यातला एक प्रश्न नेहमीचा असतो. दार ढकललं तर लागतं, पण आपणहून मिटत नाही. दूध काढून घाईत चुलीकडे वळावं आणि मागे दार चार बोटं उघडंच राहावं, असं होतं. संध्याकाळी बघावं तर फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर, खालच्या कप्प्यात पाणी आणि दही आंबट. घरचं अर्धा लिटर दूध गेलं तर हळहळ वाटते, पण गटाच्या ऑर्डरीचा चक्का त्यात असेल तर हळहळीवर भागत नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला संशय दाराच्या रबरावर जातो. रबर खराब होतं हे खरं आहे. पण दार आपणहून मिटणं हे रबराचं काम नाही. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते आणि ती दाराला पेटीकडे ओढते, तीही दार पेटीच्या अगदी जवळ आल्यावर, बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावरून. चार बोटांवर थांबलेलं दार चुंबकाच्या हाती लागतच नाही. तिथपर्यंत त्याला आणून सोडणारं दुसरंच काहीतरी असतं, ते म्हणजे फ्रीजचा कल. फ्रीज किंचित मागे रेललेला असला तर दार स्वतःच्या वजनानं मिटतं. तो सरळ उभा असला किंवा पुढे झुकलेला असला तर मिटत नाही.

हे समजायला घरचाच दाखला पुरे. काही घरांत खोलीचं दार कितीही उघडून ठेवा, हळूहळू करत आपणच लोटलं जातं. आपण म्हणतो, चौकट ओळंब्यात नाही. म्हणजे वरची बिजागरी आणि खालची बिजागरी एका उभ्या रेषेत नाहीत, रेषा तिरकी आहे. तिरक्या रेषेभोवती फिरणारं दार फिरताना किंचित वर चढतं किंवा खाली उतरतं, आणि सोडलं की उताराच्या बाजूला जातं. घराच्या दारात हा गवंड्याचा दोष ठरतो. फ्रीजमध्ये तोच कल मुद्दाम द्यायचा असतो. वरची बिजागरी खालच्या बिजागरीपेक्षा थोडी मागे गेली की दार उघडताना आपल्या नकळत चढावर जातं आणि सोडलं की उतरून मिटतं.

आता एक गंमत बघा. मागे रेललेल्या फ्रीजचं दार अर्धं उघडून सोडलं तर मिटतं. पण काटकोनात, म्हणजे दार थेट आपल्याकडे तोंड करून उभं राहील इतकं उघडलं, तर ते तिथंच थांबतं. त्याहूनही पुढे भिंतीकडे लोटलं तर उलट दिशेला जातं. कारण चढ काटकोनात संपतो, पलीकडे पुन्हा उतार लागतो. त्यामुळे पूर्ण उघडलेलं दार मिटत नाही म्हणून फ्रीज बिघडला असं समजू नका. तपासायचं असेल तेव्हा दार काटकोनाच्या निम्म्यावर धरा आणि धक्का न देता सोडा. तिथून ते शेवटपर्यंत जाऊन लागलं तर कल बरोबर आहे.

काही जणी कल आडवा देतात. म्हणजे बिजागरीच्या बाजूचा पाय उचलतात, जेणेकरून फ्रीज दुसऱ्या बाजूला झुकेल. दार पूर्ण उघडं असताना त्यानं जोरात ओढ लागते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण दार मिटत जातं तशी ही ओढ कमी होते आणि शेवटच्या चार बोटांत जवळपास काहीच उरत नाही. नेमकी तिथंच आपली अडचण असते. मागच्या कलाचं उलट आहे. त्याची ओढ दार मिटता मिटता वाढते आणि शेवटी सगळ्यात जास्त असते. म्हणून कल मागेच हवा. आडवं मात्र शक्यतो सपाट असावं.

हा कल येतो पायांवरून. फ्रीजच्या तळाशी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत आट्यांचे पाय असतात, ते फिरवून कमीजास्त करता येतात. मागे बहुतेक फ्रीजना न फिरणारे पाय किंवा छोटी चाकं असतात. म्हणजे कंपनीनं कल देण्याची सोय पुढेच ठेवली आहे. पण आपल्याकडे फ्रीज सहसा प्लास्टिकच्या स्टँडवर चढवलेला असतो. फ्रीजचे पाय स्टँडच्या खाचांत अडकतात आणि जमिनीला टेकतात ते स्टँडचे पाय. स्टँडलाही फिरवायचे पाय असतात, म्हणून कल तिथूनच द्यावा. खाली कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर असलेले फ्रीज असतात, त्यांचे पाय त्या ड्रॉवरच्या चौकटीखाली बघा.

कल किती हवा, हा पुढचा प्रश्न. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण ६ मिलिमीटर उंच असली की बहुतेक फ्रीजना पुरते. ६ मिलिमीटर म्हणजे पाव इंच. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, आणि जमिनीवरून मोजूनही कळत नाही, कारण जमीन कुठे सपाट असते? कोब्याला मोरीकडे उतार दिलेला असतो, शहाबादी फरशीचा एखादा कोपरा बसलेला असतो. म्हणून फ्रीजच मोजायचा, आणि त्यासाठी गवंड्याचा ओळंबा घरीच करता येतो.

मजबूत धाग्याला एखादा जड नट बांधा. धाग्याचं वरचं टोक फ्रीजच्या माथ्यावर पुस्तकाखाली दाबून ठेवा आणि धागा बाजूनं खाली सोडा. माथ्याच्या कडेवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा असा ठेवा की धागा पेटीला न चिकटता मोकळा लोंबेल. नट झुलत राहतो, म्हणून तो खाली पाण्याच्या वाटीत बुडवा, लगेच स्थिर होतो. आता पेटीच्या पुढच्या कडेपासून धागा किती आत आहे ते पट्टीनं वर मोजा आणि तसंच खालीही मोजा. मोजायची ती पेटीची कड, दाराची नव्हे. खालचं अंतर जास्त आलं तर फ्रीज मागे रेललेला आहे. दोन्ही सारखी आली तर तो सरळ उभा आहे. खालचं कमी आलं तर पुढे झुकलेला आहे.

एका दाराचा फ्रीज जेवढा खोल असतो त्याच्या साधारण दुप्पट उंच असतो. म्हणून पुढचा पाय जितका उचलाल त्याच्या दुप्पट फरक धाग्यात दिसतो. आपल्याला पायाशी ६ मिलिमीटर हवेत, म्हणजे धाग्याशी वर-खालच्या मापांत सुमारे १२ मिलिमीटरचा, सव्वा सेंटिमीटरच्या आसपासचा फरक यायला हवा. शाळेतल्या पट्टीवर तो स्वच्छ मोजता येतो.

आता एका गटात हे कसं केलं ते सांगतो. फ्रीज एका ताईंच्या घरी, एका दाराचा, स्टँडवर ठेवलेला, गटाचं दही आणि चक्का त्यातच. रंगकामासाठी तो हलवला होता आणि पुन्हा जागेवर आणल्यापासून दार मिटेना. रबर बदलायचं असं एका कारागिरानं सांगितलं होतं. पण ताईंना एक गोष्ट खटकली. रबर तेच होतं, हलवण्याआधी दार नीट लागत होतं. रंग देताना रबर कसं बिघडेल? ही शंका अगदी रास्त होती. फ्रीज हलवल्यानंतर, नवीन फरशी घातल्यावर किंवा स्टँड बदलल्यावर दार मिटेनासं झालं तर आधी कलच बघावा.

ओळंबा लावला तर वर धागा कडेपासून ५० मिलिमीटर आत होता आणि खाली ४६. म्हणजे फ्रीज ४ मिलिमीटरनं पुढे झुकला होता. जुन्या जागेवरून तो वीतभर सरकला होता आणि पुढचे पाय कोब्याच्या उताराच्या भागावर आले होते. आता हिशोब करा. आधीचे ४ भरून काढायचे आणि वर १२ द्यायचे, मिळून धाग्याचे १६ मिलिमीटर. पायाशी त्याचे निम्मे, म्हणजे ८. स्टँडचा पाय एका पूर्ण फेऱ्यात किती उचलतो ते त्याच्या आट्यांवर ठरतं. इथे पाय सुटा करून पाच फेरे फिरवून मोजलं तेव्हा तो ६ मिलिमीटरच्या थोडा वर बाहेर आला. म्हणजे एका फेऱ्याला साधारण सव्वा मिलिमीटर, आणि ८ मिलिमीटरसाठी सहा-साडेसहा फेरे.

हे काम दोघींनी करायचं. आधी प्लग काढा. दारातल्या पाण्याच्या बाटल्या, अंडी, लोणच्याच्या बरण्या बाहेर काढा, जड भांडीही काढा. एकीनं फ्रीजच्या वरच्या भागाला हात लावून तो किंचित मागे रेलवून धरायचा, पुढचे पाय जमिनीवरून सुटतील इतकाच. दुसरीनं पुढच्या काठाखाली लाकडी फळीचा तुकडा सरकवायचा, म्हणजे हात सुटला तरी बोटं चिरडणार नाहीत. फळी बसल्यावरच पायाला हात लावायचा. एवढ्याशा कलानं कॉम्प्रेसरला काही होत नाही. फ्रीज आडवा मात्र पाडू नका. पाडावाच लागला तर उभा केल्यावर काही तास थांबून मग चालू करा.

पाय कुठल्या दिशेला फिरवायचा यात बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण आपण वरून बघतो आणि आटे खालून असतात. फ्रीजकडे तोंड करून बसा. पायाची आपल्याकडची कड डावीकडे ढकलली की सहसा पाय लांब होतो आणि फ्रीज उचलला जातो. उजवीकडे ढकलली की खाली येतो. उजव्या आणि डाव्या पायाला हाच नियम. दोन्ही पायांना सारखे फेरे द्या आणि मोजत राहा, नाहीतर फ्रीज आडवा झुकतो. हातानं फिरत नसेल तर पाना लावा, पण प्लास्टिकचा पाय असेल तर हळू.

त्या घरी आधी दोन्ही पायांना तीन-तीन फेरे दिले, फळी काढली आणि पुन्हा मोजलं. वर ५० होतं, खाली ५३ आलं. दार अर्ध्यावरून सोडलं तर मिटत आलं, पण दोन बोटांवर थांबलं. आणखी तीन-तीन फेऱ्यांनंतर खालचं माप ६१ झालं. आता दार सोडलं की सावकाश आलं आणि शेवटी चुंबकानं टप्पकन ओढून घेतलं. बाटल्या परत ठेवल्यावर पुन्हा एकदा सोडून बघितलं, कारण वजनदार दार वेगळं वागू शकतं. इथे ते आणखी चांगलं मिटलं.

तरीही काम संपलं नव्हतं. फ्रीजचा वरचा कोपरा दाबला तर तो डुगडुगत होता. आम्ही कागदाची पट्टी चारही पायांखाली सरकवून बघितली. तिघांखाली ती अडकली, मागच्या डाव्या पायाखालून मात्र सहज आरपार गेली. म्हणजे तो पाय अधांतरी होता. असा फ्रीज तीन पायांवर उभा राहतो, पेटी किंचित पिळवटते आणि मग दार एका कोपऱ्यात लागतं तर समोरच्या कोपऱ्यात फट राहते. हे दारात किंवा रबरात शोधत बसलं तर सापडतच नाही. स्टँडच्या त्या पायाला फेरा-दीड फेरा देऊन तो जमिनीला टेकवला आणि डुगडुग थांबली. मागचा पाय फिरत नसेल तर त्याखाली फरशीचा किंवा प्लायवूडचा पातळ तुकडा घाला. पुठ्ठा घालू नका, तो ओल खाऊन बसतो.

कल जास्त झाला तर चालेल का, असंही विचारतात. दुप्पट कल दिला तर दार आपटतं, दारातल्या बाटल्या खणखणतात, बिजागरीवर ताण येतो, आणि स्टँडवरचा उंच फ्रीज फार मागे रेललेला बरा नव्हे. दार अर्ध्यावरून आवाज न करता लागलं की थांबावं.

आता कल बरोबर आहे, दार मिटतंही, तरी फट राहते, असं असेल तर कारण वेगळं. सगळ्यात आधी आत बघा. भाजीचा डबा पूर्ण आत ढकललेला नसतो, एखादं पातेलं कडेच्या बाहेर आलेलं असतं, फ्रीजरचं झाकण बर्फामुळे अर्धवट उघडं राहून दाराला लागत असतं. हे हसण्यासारखं वाटेल, पण अनेकदा एवढंच असतं. मग कागदाची परीक्षा करा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट लागली तर रबर तिथे नीट बसलं आहे, सैल आली तर बसलेलं नाही. असं चारही बाजूंनी करा. रात्री दिवे घालवून मोबाईलची बॅटरी चालू ठेवून आत ठेवली तर फट कुठे आहे ते उजेडानंच कळतं.

फट एकाच कोपऱ्यात, रबर वाकल्यामुळे किंवा चपटं झाल्यामुळे असेल तर रबर आधी कोमट पाण्यानं आणि थोड्या साबणानं पुसा. दुधाचा, तेलाचा थर बसला की ते चिकटतं आणि उघडताना ओढलं जाऊन सुटतं. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या भागावर काही मिनिटं धरा, रबर मऊ झालं की बोटानं सरळ करून दार लावा आणि तासभर उघडू नका. रबराला चीर गेली असेल किंवा ते कडक झालं असेल तर ते बदलावंच लागतं, तिथे काटकसर उपयोगाची नाही.

दुसरा प्रकार दार लोंबण्याचा. समोर उभं राहून दार आणि पेटीची वरची रेषा बघा. बिजागरीकडे बरोबर आणि मुठीकडे खाली उतरलेली दिसली तर दार लोंबलं आहे. दारात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या वर्षानुवर्षं भरून ठेवल्या की असं होतं. मुठीकडून दार हलक्या हातानं उचलून बघा, खटखट वाटली तर बिजागरीत ढिलेपणा आहे. साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये वरची बिजागरी माथ्यावर प्लास्टिकच्या टोपीखाली असते. प्लग काढून टोपी उचला, एकीनं दार मुठीकडून वर धरून रेषा सरळ करायची आणि दुसरीनं स्क्रू आवळायचे. स्क्रू पूर्ण काढायचे नाहीत, कारण दार अंगावर येऊ शकतं. टोपीखालून वायर जाताना दिसली तर टोपी परत लावा आणि कारागिराला बोलवा. दोन दारांच्या फ्रीजचं मधलं बिजागरंही घरी खोलू नये.

काही फ्रीजच्या खालच्या बिजागरीत प्लास्टिकचा उताराचा तुकडा असतो, त्यावरून दार शेवटच्या टप्प्यात घसरून मिटतं. त्यांत दार हातानं हळू मिटवताना एका ठिकाणी खाच उतरल्यासारखी ओढ जाणवते. ती ओढ गेली असेल आणि कुरकुर आवाज येत असेल तर तो तुकडा झिजला आहे. कल वाढवून काही काळ भागतं, पण तुकडा बदलला तरच ते नीट होतं.

कारागिराला फोन करताना नुसतं "दार लागत नाही" असं न सांगता, दार किती बोटांवर थांबतं, फट कुठल्या कोपऱ्यात आहे, कागद कुठे सैल येतो आणि धाग्याची वरची-खालची मापं काय आली, हे सांगा. मग तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि एका फेरीत काम होतं. शेणानं सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर फ्रीज असेल तर स्टँडच्या चारही पायांखाली एकच शहाबादी फरशी घाला. फरशीही सुरुवातीला बसते, म्हणून आठ दिवसांनी ओळंबा पुन्हा लावा, आणि जमीन ओल धरते म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा लावा.